भाषांतरापूर्वीचे संपादन : मराठी परिच्छेदातील संदिग्धतेचा शोध व तिचे निराकरण

प्रास्ताविक

महाविद्यालयातील कामकाज बहुतांशी मराठीतून चालते. त्यातील बराच भाग पुढे इंग्रजीत जातो. बैठकांची इतिवृत्ते, समित्यांचे अहवाल, नॅकच्या मूल्यांकनासाठी जोडावयाचे पुरावे, संशोधन प्रकल्पांचे सारांश असा हा मजकूर असतो. त्याचे इंग्रजी भाषांतर सदोष निघाले की दोष सहसा भाषांतरकाराच्या माथी मारला जातो. पुष्कळदा हा दोष मूळ मराठी परिच्छेदातच दडलेला असतो, आणि मराठी वाचताना तो कोणालाही जाणवलेला नसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याचे कारण दोन भाषांच्या रचनेत आहे. मराठी वाक्यात कर्ता गाळता येतो. आदरार्थी अनेकवचनामुळे एक व्यक्ती की अनेक व्यक्ती हे मोघम ठेवता येते. 'त्यांनी' या रूपात स्त्री आणि पुरुष दोन्ही सामावतात. इंग्रजी वाक्यरचना यांपैकी जवळजवळ प्रत्येक बाबतीत उत्तर मागते. म्हणून मराठीतील मोघमपणा भाषांतरात मोघम राहत नाही. भाषांतरकार तो कोणत्या तरी एका अर्थाने मिटवतो, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला येथे दुसरा अर्थही शक्य होता याची खूणसुद्धा सापडत नाही. हा निर्णय भाषांतरकाराने अंदाजाने घ्यावयाचा की लेखकाने माहितीच्या आधारे आधीच घेऊन ठेवावयाचा, एवढाच प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात एकच परिच्छेद घेऊन ही प्रक्रिया तपशिलाने दाखवली आहे.

नमुना परिच्छेद

पुढील परिच्छेद विवेचनासाठी रचलेला आहे; परंतु कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिवृत्तात तो सहज खपून जाईल.

"दि. १२ जून रोजी झालेल्या बैठकीत संस्थेने नेमलेल्या समितीच्या अध्यक्षांनी ग्रंथपालांना ग्रंथालयातील जुनी पुस्तके व नियतकालिके तपासून निकाली काढली नसल्याचे सांगितले. त्यांनी ते त्यांच्या अहवालात नमूद केले आहे. सर्व विभागांनी याद्या दिलेल्या नाहीत. विभागप्रमुखांना याद्या द्यायच्या आहेत. परवाच्या बैठकीपूर्वी आपण हे काम पूर्ण करावे, असे ठरले."

बैठकीला हजर असलेल्या कोणालाही यात काही अडचण दिसणार नाही. व्याकरणाची चूक नाही, शब्द ओळखीचे आहेत, वाक्येही फार लांब नाहीत. आता प्रत्येक वाक्याला इंग्रजी जे विचारील ते विचारून पाहू.

पहिले वाक्य

'बैठकीत' हा शब्द कोणत्या क्रियेशी जोडावयाचा? अध्यक्षांनी बैठकीत सांगितले, की संस्थेने ही समिती त्या बैठकीत नेमली? मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषणवाक्ये नामाच्या आधी रचली जातात. त्यामुळे वाक्याच्या आरंभीचा काळ वा स्थळ दाखवणारा शब्द जवळच्या 'नेमलेल्या'ला चिकटतो की दूरच्या 'सांगितले'ला, हे रचनेवरून ठरत नाही. इंग्रजीत मात्र तो कोठे तरी एका जागी बसवावाच लागतो. स्वल्पविराम दिल्याने काम भागेल असे वाटते, पण टंकलेखनात स्वल्पविराम गळतात. वाक्य तोडणे हाच येथे खात्रीचा उपाय आहे.

'संस्था' हा शब्द अधिक धोक्याचा आहे, म्हणून त्याच्याशी थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील खाजगी महाविद्यालये बहुधा एखादी शिक्षण संस्था चालवते. तिची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली असते. आपल्या बोलण्यात 'संस्था' म्हणजे ही चालक संस्था, आणि 'महाविद्यालय' वेगळे. परंतु उच्च शिक्षणाच्या इंग्रजी कागदपत्रांत, विशेषतः नॅकच्या नमुन्यांत, 'इन्स्टिट्यूशन' म्हणजे महाविद्यालयच. भाषांतरकार 'संस्था' या शब्दाचा कोशातील पहिला अर्थ म्हणून 'इन्स्टिट्यूशन' लिहितो, आणि चालक संस्थेने नेमलेली समिती महाविद्यालयाने नेमलेली ठरते. भाषांतरकाराला यात चूक दिसण्याचे काहीच कारण नाही. शब्द कोशाप्रमाणे बरोबर आहे. संस्थेने दिलेला निधी महाविद्यालयाचा स्वतःचा निधी म्हणून इंग्रजीत गेला, की तोच आकडा लेखापरीक्षणाच्या कागदाशी जुळत नाही. म्हणून मूळ मजकुरात पहिल्याच उल्लेखाला चालक संस्थेचे पूर्ण नाव लिहावे आणि नंतर 'शिक्षण संस्था' असा एकच शब्द ठेवावा. तिला कोठे 'संस्था', कोठे 'व्यवस्थापन', कोठे 'संचालक मंडळ' म्हणू नये. मराठी निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळण्याचा संस्कार आपल्यावर शाळेपासून झालेला असतो. भाषांतरासाठी लिहिताना तो संस्कार बाजूला ठेवावा लागतो. एकाच गोष्टीला तीन नावे दिली, तर इंग्रजीत त्या तीन गोष्टी होतात.

'जुनी पुस्तके व नियतकालिके' यातील 'जुनी' हे विशेषण फक्त पुस्तकांचे की दोहोंचे? दोन्ही नामे नपुंसकलिंगी अनेकवचनी असल्याने विशेषणाचे रूप येथे मदत करत नाही. लिंग वेगळे असते तरी फारसा उपयोग नव्हता, कारण विशेषण लगतच्या नामाप्रमाणे चालते. 'जुनी कपाटे व खुर्च्या' असे लिहिणाऱ्याच्या मनात खुर्च्याही जुन्याच असू शकतात. ही संदिग्धता इंग्रजीत जशीच्या तशी उतरते. त्या भाषेतही विशेषण दोन्हीकडे लागू शकते. म्हणजे भाषांतर निर्दोष होईल आणि प्रश्न अनुत्तरितच राहील. केवळ पुस्तके जुनी असतील, तर क्रम उलटा करून 'नियतकालिके आणि जुनी पुस्तके' असे लिहिले की पुरे. दोन्ही जुनी असतील, तर विशेषण दोनदा लिहावे.

या वाक्यातील खरी मेख 'तपासून निकाली काढली नसल्याचे' या शब्दांत आहे. 'ऊन' प्रत्ययाच्या धातुसाधितानंतर नकार आला, की तो कोठवर पोचतो हे निश्चित नसते. येथे तीन अर्थ संभवतात. पहिला, पुस्तके तपासलीही नाहीत आणि काढलीही नाहीत. दुसरा, तपासली, पण काढली नाहीत. तिसरा, काढली, पण तपासून काढली नाहीत, तशीच काढली. पहिल्या अर्थाने काम सुरूच झालेले नाही, दुसऱ्याने ते अर्धे झाले आहे. तिसरा अर्थ मात्र कोणावर तरी ठपका ठेवतो, कारण ग्रंथालयाची मालमत्ता पडताळणीवाचून काढून टाकली गेली असा तो होतो. बोलताना 'तपासून' या शब्दावर जोर दिला की तिसरा अर्थ आपोआप उमटतो, आणि कागदावर जोर दाखवता येत नाही. असे धातुसाधित व नकार एकत्र आले, की दोन्ही क्रिया वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतःचे क्रियापद व स्वतःचा होकार वा नकार द्यावा : 'पुस्तके तपासली आहेत; परंतु अद्याप काढलेली नाहीत.'

ती कोणी काढली नाहीत, हेही वाक्यात नाही. सांगणारे अध्यक्ष आहेत, ऐकणारे ग्रंथपाल आहेत. काम कोणाचे होते ते गाळलेले आहे. शिवाय 'निकाली काढणे' हे प्रकरणाविषयी वापरावयाचे शब्द पुस्तकांना लावल्याने भाषांतरकाराला 'प्रश्न सोडवला' आणि 'वस्तू काढून टाकली' यांपैकी निवड करावी लागते. दप्तरातून कमी करणे हाच हेतू असेल, तर त्यासाठी 'निर्लेखन' हा रूढ शब्द आहे, तोच लिहावा.

दुसरे वाक्य

'त्यांनी ते त्यांच्या अहवालात नमूद केले आहे' या छोट्या वाक्यात सर्वनामे तीन आहेत. 'त्यांनी' म्हणजे अध्यक्ष, ग्रंथपाल की समितीचे सदस्य? 'अध्यक्ष' असे गृहीत धरले, तरी इंग्रजीत पुल्लिंगी सर्वनाम लिहावयाचे की स्त्रीलिंगी, हे मराठी वाक्य सांगत नाही. मराठीत आदर दाखवला की लिंग झाकले जाते, आणि भाषांतरकार अशा वेळी बहुधा पुरुषवाचक सर्वनाम लिहून मोकळा होतो. महिला अध्यक्षांचा उल्लेख अशा रीतीने पुरुष म्हणून इंग्रजी अहवालात जाणे अशोभनीय आहे, आणि ते टाळणे केवळ मूळ लेखकाच्या हाती असते.

'त्यांच्या अहवालात' या ठिकाणी व्याकरणाचा आधार घेता येईल असे वाटते. अहवाल कर्त्याचा स्वतःचा असेल तर 'आपल्या' आणि दुसऱ्याचा असेल तर 'त्यांच्या', असा भेद मराठीत आहे. प्रत्यक्ष लेखनात तो काटेकोरपणे पाळला जात नाही. शिवाय इतिवृत्तात 'आपल्या अहवालात' असे लिहिले, तर 'आपणा सर्वांच्या' असा वेगळाच अर्थ डोकावतो. सर्वनामाने सर्वनामाची दुरुस्ती करण्यापेक्षा नाम परत लिहिणे केव्हाही सोयीचे. 'ते' या सर्वनामाबाबतही तेच म्हणता येईल. ते एकवचनी नपुंसक वस्तू, अनेक पुरुष किंवा एक आदरणीय पुरुष यांपैकी काहीही दाखवते, आणि येथे तर ते मागील संपूर्ण विधानाकडे बोट दाखवते. 'ही बाब' एवढा बदल केला तरी वाक्य मोकळे होते.

तिसरे व चौथे वाक्य

'सर्व विभागांनी याद्या दिलेल्या नाहीत.' एकाही विभागाने दिलेली नाही, की काहींनी दिली व काहींनी नाही? 'सर्व', 'प्रत्येक', 'दोन्ही' यांच्यासोबत नकारार्थी क्रियापद आले, की ही दुविधा हटकून निर्माण होते. भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवला, तर इंग्रजी वाक्यही तितकेच दुहेरी होते. त्याने चांगले इंग्रजी लिहिण्याचा प्रयत्न केला, तर दोनपैकी एक अर्थ पक्का होतो. ज्या सात विभागांनी वेळेत याद्या दिल्या, त्यांच्या नावावर कसूर लागण्यास एवढे पुरेसे आहे. 'एकाही विभागाने' किंवा 'काही विभागांनी' असे लिहिल्याने दुविधा संपते. संख्या माहीत असल्यास ती लिहावी. 'अकरापैकी चार' या शब्दांना दुसरा अर्थ नाही.

चौथ्या वाक्यातील संदिग्धता खास मराठी वळणाची आहे. 'विभागप्रमुखांना याद्या द्यायच्या आहेत.' 'ला' व 'ना' हे प्रत्यय ज्याला द्यावयाचे त्याला लागतात. मराठीत ज्याच्यावर कर्तव्य आहे त्यालाही तेच लागतात. 'मला पत्र लिहायचे आहे' यातील 'मला' हा लिहिणारा. त्यामुळे 'देणे', 'पाठवणे', 'कळवणे', 'सांगणे' या क्रियांबरोबर कर्तव्यार्थी रचना आली, की देणारा आणि घेणारा यांची सरमिसळ होते. येथे विभागप्रमुखांनी याद्या द्यावयाच्या, की कोणी तरी त्यांना द्यावयाच्या? एका अर्थाने काम विभागांवर पडते, दुसऱ्याने ग्रंथालयावर. उपाय अगदी लहान आहे. देणाऱ्याला 'नी' प्रत्यय लावावा आणि घेणाऱ्याचाही उल्लेख करावा : 'विभागप्रमुखांनी ग्रंथपालांना याद्या द्यावयाच्या आहेत.' मागील वाक्यावरून अर्थ कळतोच, असे कोणी म्हणेल. पण मागील वाक्य स्वतःच दुहेरी आहे. एकाही विभागाने याद्या दिल्या नसतील, तर ग्रंथालयानेच त्या तयार करून प्रमुखांना द्यावयाच्या, असाही मेळ बसू शकतो. अशा रीतीने एका वाक्याची संदिग्धता दुसऱ्याला लागते.

पाचवे वाक्य

'परवा' हा शब्द मागचाही दिवस दाखवतो आणि पुढचाही. येथे 'करावे' या रूपामुळे तो पुढचा आहे हे कळते. शीर्षकात किंवा पत्राच्या विषयात 'परवाची बैठक' एवढेच असेल, तर तेही कळणार नाही. पण पुढचा म्हणजे बैठकीच्या दिवसापासून मोजून, की इतिवृत्त लिहिल्याच्या दिवसापासून? भाषांतर कित्येक महिन्यांनी होते. दिनांक लिहावा, आणि तो वर्षासह लिहावा.

'आपण' या सर्वनामाचे तीन उपयोग सर्वांना ठाऊक आहेत : समोरच्यासह आम्ही, आदरार्थी तुम्ही, आणि स्वतः. बैठकीत तो शब्द उच्चारणाऱ्याने कोणाकडे पाहिले होते, हे इतिवृत्तात येत नाही. 'हे काम' म्हणजे याद्या देणे, की पुस्तकांचे निर्लेखन, हाही प्रश्न आहेच. आणि 'करावे' हे विध्यर्थी रूप आज्ञा, अपेक्षा, विनंती, योग्यता अशा अनेक छटा एकत्र बाळगते. त्यांतील कोणती छटा अभिप्रेत आहे त्यानुसार इंग्रजीतील साहाय्यक क्रियापद बदलते. सक्ती असेल तर 'बंधनकारक आहे', मुभा असेल तर 'करता येईल', केवळ सूचना असेल तर 'अशी शिफारस करण्यात आली' असे लिहिल्यास भाषांतरकाराला सभेचा सूर ओळखत बसावे लागत नाही.

संपादित परिच्छेद

बैठकीतील वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे होती असे मानू, आणि परिच्छेद नव्याने लिहू.

"महाविद्यालय विकास समितीची बैठक १२ जून २०२४ रोजी झाली. शिक्षण संस्थेने त्यापूर्वीच ग्रंथालय पडताळणी समिती नेमली आहे. पडताळणी समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत ग्रंथपालांना पुढील माहिती दिली : पडताळणी समितीने ग्रंथालयातील जुनी पुस्तके आणि जुनी नियतकालिके तपासली आहेत, परंतु ग्रंथालयाने त्यांचे निर्लेखन अद्याप केलेले नाही. ही बाब पडताळणी समितीच्या अहवालात नमूद आहे. अकरा विभागांपैकी चार विभागांनी पुस्तकांच्या याद्या दिलेल्या नाहीत. या चार विभागांच्या प्रमुखांनी १४ जून २०२४ रोजीच्या बैठकीपूर्वी ग्रंथपालांना याद्या देणे बंधनकारक आहे, असे महाविद्यालय विकास समितीने ठरवले."

परिच्छेद बराच लांबला, आणि वाचायला थोडा रुक्षही झाला. अध्यक्षांसाठीचे सर्वनाम आता येतच नाही, त्यामुळे लिंगाचा प्रश्न या मजकुरापुरता मिटला. 'जुनी' म्हणजे किती वर्षांची, हे अजूनही उघडे आहे. परंतु तो प्रश्न भाषांतराचा नाही, नियमाचा आहे. त्याचे उत्तर इतिवृत्त लिहिणाऱ्याने आपल्या मनाने भरू नये.

परीक्षा कशी घ्यावी

स्वतःच्या लेखनातील संदिग्धता स्वतःला दिसत नाही, कारण लेखकाच्या मनात एकच अर्थ असतो आणि तोच त्याला वाक्यात दिसतो. म्हणून बैठकीला हजर नसलेल्या सहकाऱ्याला परिच्छेद वाचायला द्यावा. 'हे स्पष्ट आहे का?' असे मात्र विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. त्याऐवजी वस्तुस्थितीचे प्रश्न विचारावेत : याद्या कोणी दिल्या नाहीत? आता कोणी कोणाला द्यावयाच्या? पुस्तके तपासली आहेत का? सहकाऱ्याने अडखळून प्रतिप्रश्न केला तर वाक्य दुरुस्त करावे. त्याने आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर दिले, तर ते वाक्य सर्वांत आधी दुरुस्त करावे, कारण भाषांतरकारही तेथे न थांबता पुढे जाणार आहे. इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या विद्याशाखेतील प्राध्यापक या कामाला अधिक उपयोगी पडतात, असा अनुभव आहे. भाषेचे प्राध्यापक वाक्य मनातल्या मनात सुधारून वाचतात.

उलट दिशा

इंग्रजीतून मराठीत जाणाऱ्या मजकुरालाही हेच तत्त्व लागू आहे. फक्त प्रश्न बदलतात. इंग्रजी 'वुई' आले की मराठी विचारते, ऐकणाऱ्याला धरून की वगळून? त्यावर 'आपण' आणि 'आम्ही' यांतील निवड अवलंबून असते. विद्यार्थ्यांसाठीच्या माहितीपत्रकात ही निवड चुकली, तर महाविद्यालयाने स्वतःवर घेतलेली जबाबदारी विद्यार्थ्यांवरही पडल्यासारखी दिसते. 'यू' आले की तू, तुम्ही, आपण यांपैकी काय, हे वाचक कोण आहे यावर ठरते. ते इंग्रजी मजकुरात नसते, सोबत कळवावे लागते. 'मे नॉट' या शब्दांचा अर्थ 'कदाचित नाही' असाही होतो आणि 'परवानगी नाही' असाही. नियमावलीचे भाषांतर करून घ्यावयाचे असेल, तर हे शब्द मूळ इंग्रजीतच बदलून घ्यावेत.

स्वाक्षरी झालेले मजकूर

वरील सर्व विवेचन मसुद्याला लागू पडते. इतिवृत्त पुढील बैठकीत कायम होऊन त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या, की मूळ शब्दांत फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही, मग ते शब्द कितीही दुहेरी असोत. अशा वेळी मजकूर जसाच्या तसा पाठवून सोबत भाषांतरकारासाठी वेगळे टिपण द्यावे. त्यात वाक्याचा क्रमांक आणि अभिप्रेत अर्थ एवढेच असावे. उदाहरणार्थ, 'वाक्य ३ : अकरापैकी चार विभागांच्या याद्या आलेल्या नाहीत', 'वाक्य ४ : देणारे विभागप्रमुख, घेणारे ग्रंथपाल', 'संस्था : महाविद्यालय चालवणारी शिक्षण संस्था, महाविद्यालय नव्हे'. हे टिपण सभेच्या सचिवांनी तयार करावे किंवा निदान तपासावे. टंकलेखकाने वा भाषांतरकाराने दूरध्वनीवर विचारून घेतलेले उत्तर दप्तरात कोठेच राहत नाही.

टिपण तयार करताना एखाद्या प्रश्नाचे उत्तर सचिवांनाही देता येत नाही, असे पुष्कळदा घडते. 'आपण हे काम पूर्ण करावे' असे सर्वांनी मान्य केले, पण 'आपण' म्हणजे कोण हे त्या दिवशी ठरलेच नव्हते, असे लक्षात येते. येथे दोष वाक्याचा नाही. निर्णयच अपुरा आहे. संपादकाने तेथे सोयीचा कर्ता घालून वाक्य सरळ केले, तर सभेने न घेतलेला निर्णय तिच्या नावावर जमा होतो. कर्त्याचा उल्लेख न करणारी कर्मणी रचना इंग्रजीत उपलब्ध आहे. अशा जागी भाषांतरकाराला तीच वापरण्यास सांगावे, आणि हा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.